फर्लांग राहू द्या, स्टोन उतरवा

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका भाषांतराचं दुसरं प्रूफ हातात आलं. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या एका कुटुंबाच्या आठवणी, शंभरेक वर्षांपूर्वीच्या. त्यात एक प्रसंग आहे. रात्रीची वेळ, चिखल, तापाने फणफणलेलं पोर पाठंगुळी घेऊन बाप डॉक्टरच्या घराकडे निघालाय. पोर विचारतं, अजून किती लांब? मी लिहिलं होतं, “झालंच बाळा, आता दोन फर्लांग.” प्रूफात छापलं होतं, “झालंच बाळा, आता ४०२.३३६ मीटर.”

मी संपादक ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “सर, आमच्याकडे नियमच आहे. सगळी मापं मेट्रिकमध्ये. आजच्या वाचकाला फर्लांग कुठे कळतो?” त्यांचं गणित चोख होतं. फर्लांग म्हणजे २२० यार्ड, यार्ड म्हणजे ०.९१४४ मीटर, दोन फर्लांगांचे बरोबर ४०२.३३६ मीटर होतात. चूक गणितात नव्हतीच. त्या बापाच्या तोंडात मोजपट्टी कोंबली गेली, ही चूक होती. दशांश चिन्हानंतरचा तिसरा आकडा म्हणजे मिलिमीटर. अंधारात, चिखलात, पाठीवर पोर घेऊन चालणारा माणूस डॉक्टरच्या उंबऱ्यापर्यंतचं अंतर सहा मिलिमीटरच्या हिशेबाने सांगतोय, असं ते वाक्य झालं.

हा एका प्रकाशनापुरता मामला नाही. वर्तमानपत्रांतली भाषांतरित पानं, मालिकांच्या मराठी ओळी, गाड्यांची परीक्षणं, शाळेच्या वाचनालयातली अनुवादित पुस्तकं, सगळीकडे दोनच रीती चालतात. एक तर सगळं कॅल्क्युलेटरवर बडवून मेट्रिक करायचं, नाहीतर इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवून पुढे जायचं. माझा दोन्हींना विरोध आहे. फर्लांग, स्टोन आणि गॅलन हे तीन शब्द इंग्रजीत शेजारी-शेजारी बसत असतील, मराठीत त्यांची घरं वेगवेगळी आहेत. एकाच नियमाने तिघांना हाकणं ही सोय प्रेसची आहे, वाचकाची नाही.

आधी फर्लांग, कारण माझं भांडण तिथून सुरू झालं.

मी अमळनेर तालुक्यातला. लहानपणी आम्ही मामाच्या गावी जायचो तेव्हा एसटी फाट्यावर सोडायची, तिथून पायी. वाटेत कोणी आबा-बापू भेटले की आई विचारायची, “गाव कितलं दूर शे?” उत्तर ठरलेलं, इथेच तर आहे. “आठेच शे, दोन फर्लांगवर.” ते दोन फर्लांग कधी दोन असायचे, कधी पाच. पण शब्द ऐकून आमचे पाय उचलायचे, कारण फर्लांग म्हणजे दमायच्या आत संपणारं अंतर, हे कोणी न शिकवता कळलेलं होतं. हा शब्द मराठीने इंग्रजांकडून घेतला, वापरून गुळगुळीत केला आणि खिशात टाकला. स्टेशन, टेबल, पेन या शब्दांना आपण परके म्हणत नाही, तर फर्लांगानेच काय घोडं मारलंय?

गंमत अशी की त्याचं मूळ शेतातच आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नांगराच्या तासाची लांबी. बैलांनी एका दमात ओढायचं तास, तेवढा फर्लांग. तो ६६० फुटांचा. आता आपला गुंठा घ्या. ब्रिटिश अमदानीतल्या मोजणीची आपल्याकडची साखळी ३३ फुटांची, आणि एक साखळी लांब, एक साखळी रुंद तो एक गुंठा. म्हणजे ओळीने वीस गुंठे मांडले की त्यांची कड बरोबर एक फर्लांग भरते. अशा दोन ओळी शेजारी लावल्या की चाळीस गुंठे, म्हणजेच एक एकर. इंग्रजांचा एकरही मुळात हाच, एक फर्लांग लांब आणि ६६ फूट रुंद. सातबाऱ्यावर आज हेक्टर-आर छापून येतं, पण धरणगावच्या बांधावर उभा राहिलेला माणूस अजून गुंठ्यातच बोलतो. त्याच्या नकळत फर्लांग त्याच्या वावरात पडलेला आहे.

इथे एक खड्डाही आहे. इंग्रजी मजकुरात साखळी हे माप आलं तर ती साखळी ६६ फुटांची असते, क्रिकेटच्या खेळपट्टीएवढी, बरोबर २२ यार्ड. आपली ३३ फुटांची. भाषांतरात बिनधास्त ‘साखळी’ लिहिलं आणि वाचणारा जुन्या मोजणीचा जाणकार निघाला, तर शेताची लांबी-रुंदी अर्धी होऊन क्षेत्र पाव उरेल. नाव ओळखीचं म्हणून माप ओळखीचं असतंच असं नाही. हा धागा पुढे गॅलनपाशी पुन्हा लागेल.

फर्लांगाच्या बाबतीत नशीब चांगलं आहे. महामार्गावर किलोमीटरच्या दोन दगडांच्या मध्ये छोटे दगड असतात, त्यांवर २, ४, ६, ८ रंगवलेलं असतं. ते दर दोनशे मीटरला. फर्लांग २०१ मीटरांचा. म्हणजे मैल गेले, किलोमीटर आले, तरी फर्लांगाचा दगड जवळपास त्याच अंतरावर उभा राहिला, फक्त अंगावरचा आकडा बदलला. तेव्हा कथेत, आठवणीत, बोलण्यात फर्लांग आला की मी फर्लांगच ठेवतो. वाचक तरुण आहे आणि अडखळेल अशी शंका असेल, तर दोन फर्लांगांसाठी त्याच वाक्यात कुठेतरी पाच मिनिटांची चाल टाकतो. कंस नाही, तळटीप नाही.

वयाचा मुद्दा मला मान्य आहे. आज वीस वर्षांच्या मुलाने फर्लांग ऐकलेला नसेल. पण त्याने वार तरी कुठे मोजलाय? तरी नऊवारी त्याला कळते. नऊ वार म्हणजे नऊ यार्ड, सव्वाआठ मीटर. म्हणून नऊवारीला ‘सव्वाआठमीटरी’ म्हणायचं कोणाच्या स्वप्नात आलं नाही. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने किलो आणि मीटर आले, ते फार चांगलं झालं. पण त्या कायद्याचं काम तागडीवर आणि कापडाच्या दुकानात होतं. गोष्टीतल्या बापाच्या तोंडावर कायद्याने बंदी घातलेली नाही.

बरं, मापांची भाषांतरं करताना अशी सोय आधीच्यांनीही केलेली आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलात यरुशलेमपासून एका गावाचं अंतर साठ फर्लांग दिलंय. मूळ ग्रीक शब्द फर्लांगाचा नव्हताच, तो स्टेडियन हे माप सांगतो, आणि ते फर्लांगापेक्षा थोडं लहान. इंग्रज भाषांतरकारांनी आकडा साठच ठेवला आणि माप आपल्या गावचं दिलं. हजारेक पावलं इकडेतिकडे झाली. पण वाचकाला तीन तासांची वाट दिसली, तेवढं त्यांना पुरेसं वाटलं.

आता रूपांतर करायचंच ठरलं, तर किती बारीक करायचं? माझा ठोकताळा साधा आहे. मूळ आकडा जेवढा ढोबळ, तेवढाच उतरलेला आकडा ढोबळ हवा. दोन फर्लांगांचे चारशे मीटर. उलटं करून पाहायचं. चारशे मीटरचे १.९९ फर्लांग होतात, म्हणजे दोनच. एवढं जुळलं की पुढचे आकडे फेकून द्यावेत, कारण ते मूळ लेखकाने दिलेलेच नाहीत, आपल्या यंत्राने जन्माला घातलेत. मात्र आकडा जिथे दुसऱ्या वस्तूला जुळायचा असतो, तिथे हा सैलपणा चालत नाही. पाचोरा-जामनेर छोट्या रेल्वेचे रूळ अडीच फुटांच्या अंतरावर असायचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. तिथे ‘पाऊण मीटर’ लिहिलं तर गप्पांत खपेल, पण बारा मिलिमीटरच्या त्या फरकाने चाक रुळावर बसणार नाही. आकड्याला काही जुळवायचंय की नुसतं सांगायचंय, एवढं आधी बघावं.

स्टोनचं प्रकरण वेगळं. हा शब्द मराठीत कधी आलाच नाही. पौंड आला, त्याला आपण रत्तल म्हणायचो. औंस आला तो औषधाच्या बाटलीतून. मैल, फूट, इंच, एकर आले. पण माणसाचं वजन चौदा पौंडांच्या ढिगांत मोजायची इंग्रजांची घरगुती सवय इथे रुजली नाही. म्हणून मराठी वाचकापुढे ‘अकरा स्टोन’ ठेवणं म्हणजे रिकामी पाटी ठेवणं. त्यावरही कडी म्हणजे दगड. एका परदेशी मालिकेच्या मराठी ओळीत मी स्वतः वाचलंय, बाई आनंदाने मैत्रिणीला सांगतेय, “दोन महिन्यांत एक दगड कमी केला!” माझी बायको शेजारी बसली होती. ती म्हणाली, “मुतखडा असेल.”

स्टोन उतरवायलाच हवा. एक स्टोन म्हणजे ६.३५ किलो. त्या बाईचं वजन सहा किलो उतरलं, संपलं. सोळा स्टोनचा धिप्पाड माणूस म्हणजे शंभर किलोंचा गडी. १०१.६ लिहिलं की तो माणूस वाटत नाही, काट्यावरची ट्रॉली वाटते. इथे फर्लांगासारखा मोह धरू नये. शब्द ठेवून काही मिळत नाही, अर्थ मात्र जातो.

पण स्टोनमध्ये खरी फसगत पुढच्या आकड्यात होते. इंग्रज माणूस वजन सांगताना ‘अकरा स्टोन बारा’ म्हणतो. शेवटचे बारा म्हणजे बारा पौंड. भाषांतरकार ते ११.१२ असं यंत्रात घालतो आणि ६.३५ ने गुणतो, उत्तर येतं ७०.६ किलो. खरं वजन असं काढायचं: अकरा गुणिले चौदा म्हणजे १५४ पौंड, त्यात बारा मिळवले, १६६ पौंड. ते होतात ७५.३ किलो. जवळजवळ पाच किलोंचा फरक. कुस्तीच्या किंवा मुष्टियुद्धाच्या बातमीत एवढ्याने खेळाडूचा वजनगट बदलतो. ओळखायची खूण अशी की स्टोननंतरचा आकडा शून्य ते तेरा यांच्याच दरम्यान असतो, चौदा झाले की पुढचा स्टोन लागतो. दहा, अकरा, बारा, तेरा दिसले की समजावं, हे दशांश नव्हेत, सुटे पौंड आहेत. सहा-सात दिसले तर मात्र काहीच कळत नाही, तेव्हा आधीच सवय लावून घ्यावी.

ही चूक आपल्याला नवी वाटायला नको. लग्नाच्या बायोडेटात उंची ५.४ लिहिलेली असते ती पाच फूट चार इंच, हे खानदेशातल्या प्रत्येक मामा-काकाला ठाऊक असतं. पण तोच बायोडेटा एखाद्या फॉर्ममध्ये भरताना पोरगा ५.४ ला ३०.४८ ने गुणतो आणि मुलगी दोन सेंटिमीटरने उंच होते. पाच फूट दहाचं तर ५.१० लिहून ५.१ होतं, आणि भला उंच नवरदेव यंत्रात जवळजवळ नऊ इंच खाली उतरून येतो, पाच फूट एक इंचावर.

जुन्या पुस्तकांत स्टोन आणखी एक खोडी काढतो. लंडनच्या मांसबाजारात स्टोन चौदा पौंडांचा नव्हता, आठ पौंडांचा होता. तेव्हा ऐंशी स्टोनचा बैल कापला असं वाक्य आलं, तर लंडनच्या खाटकाच्या हिशेबाने ते २९० किलो मांस, आणि नेहमीच्या स्टोनने ५०८ किलो. एक बैल पावणेदोनपट होतो. कोश उघडून चौदा वाचणं पुरत नाही, बोलणारा कोण आणि उभा कुठे, हे वाक्याच्या मागेपुढे शोधावं लागतं.

गॅलन या दोघांच्या मधला. शब्द आपल्याकडे माहीत आहे, माप मात्र माहीत नाही. आणि मापंच दोन आहेत. ब्रिटनने १८२४ साली गॅलन नव्याने ठरवला, दहा पौंड पाणी मावेल एवढा. तो साडेचार लिटरांचा, अचूक सांगायचं तर ४.५४६. अमेरिकेने त्याआधीचा, राणी ॲनच्या काळातला दारूचा गॅलन धरून ठेवला, तो ३.७८५ लिटरांचा. नाव एक, फरक पाऊण लिटरचा. इंग्रजी मजकूर तर सांगतही नाही आपला गॅलन कुठला ते. तो लेखकाच्या पासपोर्टवरून ओळखायचा.

मोटारींच्या परीक्षणात याचा सगळ्यात जास्त घोळ होतो. गाडी गॅलनला चाळीस मैल देते, असं लिहिलेलं असतं. चाळीस मैल म्हणजे ६४ किलोमीटर. ब्रिटिश गॅलन असेल तर लिटरला चौदा किलोमीटर पडतात, अमेरिकी असेल तर सतरा. जळगावहून धुळ्याला रोज जाणाऱ्या माणसाला चौदा आणि सतरा यांतला फरक महिन्याच्या पगारात जाणवतो. तरी मराठी पानावर सतराच छापून येतं, कारण फोनमधला कॅल्क्युलेटर न विचारता बहुधा अमेरिकी गॅलन धरतो. परीक्षण लंडनच्या मासिकातलं असलं तरी. इथे मूळ शब्द ठेवणं निरुपयोगी आणि आंधळेपणाने उतरवणं नुकसानीचं. लिटरला किलोमीटर हेच लिहावं, पण गॅलन कोणाचा ते पाहून.

गोष्टीत गॅलन आला की मी निराळा विचार करतो. त्याच आठवणींच्या पुस्तकात आई रोज दोनदा पंपावरून चार गॅलन पाणी आणते. अठरा लिटर. संपादक ताईंच्या प्रूफात १८.१८४ लिटर होतं, ते सोडा. पण ‘अठरा लिटर’ तरी डोळ्यांपुढे काय आणतं? आमच्या पिढीला एक वस्तू दिसते, रॉकेलचा चौकोनी पत्र्याचा डबा. तो साधारण चार गॅलनचाच असायचा. रॉकेल संपलं की त्याला वरून लाकडी दांडा ठोकून पाण्याला, धान्याला, बंबाजवळ राखेला वापरायचे. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकरपुढे हंडे, कळश्या आणि असे डबे रांगेत लागलेले असत. भरलेला डबा उचलला की खांदा खाली जायचा, कारण पाण्याचंच वजन अठरा किलो. मी लिहिलं, ‘दोन्ही वेळा भरून आणलेला मोठा डबा.’ आकडा गेला, ओझं राहिलं. त्या वाक्यात लेखकाला ओझंच सांगायचं होतं.

काही मित्र याहून पुढे जायला सांगतात. म्हणतात, मग गॅलनच्या जागी पायली का नको, मैलाच्या जागी कोस, पौंडाच्या जागी शेर? नको, कारण ती मापं इंग्रजांइतकीच घोळदार आहेत आणि शिवाय आपलीच असल्याने वाचक त्यांना खरं धरतो. कोस गावोगाव वेगळा. मण तर विचारूच नका. ब्रिटिश काळातला सरकारी मण चाळीस शेरांचा, सव्वासदतीस किलोंचा. मुंबईच्या बाजारातला अठ्ठावीस पौंडांचा, म्हणजे पावणेतेरा किलो. आणि नंदुरबारची हद्द ओलांडून गुजरातच्या बाजारात गेलं की आज भाव वीस किलोच्या मणाने बोलतात. इंग्रज शेतकऱ्याने पाच मण गहू विकले असं लिहिलं तर तळोद्याचा वाचक एक समजेल, चाळीसगावचा दुसरं. शिवाय तो इंग्रज धोतर नेसून उभा राहिल्यासारखा दिसतो, ते वेगळंच.

आता ज्यांना वाटतं की हा सगळा पुस्तकी मंडळींचा काथ्याकूट आहे, त्यांच्यासाठी कापसाकडे येतो. खानदेशात कापूस शेतकऱ्याकडून क्विंटलने घेतला जातो, पण जिनिंगमधून निघालेल्या रुईचा भाव खंडीने बोलतात. ही खंडी ३५६ किलोंची. असा विचित्र आकडा का? कारण ती मुळात ७८४ पौंडांची. आणि ७८४ पौंड म्हणजे बरोबर ५६ स्टोन. मी वर म्हटलं स्टोन मराठीत आला नाही, तो शब्द आला नाही हे खरं, पण माप मात्र वेश बदलून आमच्या जिनिंगच्या आवारात दीडएकशे वर्षं मुक्कामाला आहे.

जागतिक बाजारात रुईचा भाव पौंडाला इतके सेंट असा निघतो. समजा बातमी आली, पौंडाला ७८ सेंट. मेट्रिकच्या शिस्तीचा उपसंपादक त्याचं किलोमागे १ डॉलर ७२ सेंट करतो आणि थांबतो. वाचणाऱ्या व्यापाऱ्याला किलोचा भाव नकोच असतो. त्याला खंडी हवी. त्याचा सरळ रस्ता आहे, ७८ सेंटला ७८४ ने गुणायचं, ६११ डॉलर येतात, डॉलर ८५ रुपये धरला तर खंडीला साधारण ५२ हजार. एवढं छापलं की चोपड्याच्या जिनिंगवाल्यापासून घरात कापूस भरून ठेवलेल्या शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना बातमी कळते. मेट्रिकमध्ये उतरवल्याने ती दूर गेली होती.

याहून मोठी गफलत गाठींची. आपल्याकडे रुईची गाठ १७० किलोंची धरतात. अमेरिकी कृषी खात्याच्या अहवालांत गाठ ४८० पौंडांची, म्हणजे जवळपास २१८ किलोंची असते. इंग्रजी बातमीत दोन्हींना एकच शब्द. समजा त्यांच्या अहवालात भारताचं पीक अडीच कोटी गाठी लिहिलं, तर आपल्या गाठींत ते तीन कोटी वीस लाख भरतं. पण भाषांतर करणारा म्हणतो, गाठ म्हणजे गाठ, आणि ‘भारतात यंदा अडीच कोटी गाठीच’ असा मथळा जातो. ज्याने मागच्या आठवड्यात सव्वातीन कोटींचा देशी अंदाज वाचला, तो समजतो पीक बुडालं, आता भाव चढणार. आणि फरदडीपर्यंतचा कापूस घरात दाबून बसतो. दोन आकड्यांत तफावत दिसली तर त्यांचा भागाकार करून बघावा. मोठ्याला लहानाने भागून १.२८ च्या आसपास आलं, तर पिकात फरक नाही, गाठीत फरक आहे. गॅलनसारखंच, नाव एक आणि मापं दोन. फक्त इथे पाणी सांडत नाही, पैसे सांडतात.

माझे एक शिक्षक मित्र आहेत, गणित शिकवतात. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “तू प्रत्येक वाक्याला वेगळा नियम लावतोस. पोरांना काय शिकवू?” त्यांचं म्हणणं मी टाळू शकत नाही. विज्ञानाच्या, भूगोलाच्या पुस्तकात किलो आणि मीटरच हवेत, तिथे फर्लांगाचं कौतुक नको. पण त्याच शाळेच्या वाचनालयात गोष्टीचं पुस्तक असतं, आणि बाहेर पावसाळ्यात हतनूरमधून इतके हजार क्युसेक विसर्ग अशी पाटी फिरते. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सव्वाअठ्ठावीस लिटर. तो कोणी मेट्रिक केलेला नाही, आणि तापीकाठच्या माणसाला तो आकडा ऐकून गुरं कधी सोडायची ते बरोबर कळतं. सराफ बाजारातला तोळा ११.६६ ग्रॅमवरून दहावर आला, नाव तेच राहिलं. लोक कुठे नाव ठेवून माप बदलतात, कुठे माप ठेवून नाव बदलतात. भाषांतरकाराने निदान त्यांनी कुठे काय केलंय ते बघावं, मग प्रेसचा नियम.

पुस्तकाचं तिसरं प्रूफ परवा आलं. बापाचे दोन फर्लांग परत जागेवर बसलेत. स्टोन सगळे किलो झालेत, गोल आकड्यांत. आईचा डबाही राहिला. फक्त नवव्या प्रकरणाच्या समासात ताईंनी लाल पेनने लिहिलंय, ‘आजोबांचा ऐंशी स्टोनचा बैल, किती किलो करू?’ मी प्रकरण पुन्हा काढून वाचतोय. आजोबा तो बैल गावच्या खाटकाला विकतात की लंडनला पाठवतात, ते दोन पानं झाली तरी अजून लागलेलं नाही.